धुरकट आकाश आणि मोसमी पाऊस : एका वादाचा आढावा

हिवाळ्यात उपग्रहाने टिपलेल्या चित्रांत पंजाबपासून बांगलादेशापर्यंत, हिमालयाच्या पायथ्याला धरून, एक राखाडी-तपकिरी पट्टा पसरलेला दिसतो. चुलीतली लाकडे आणि गोवऱ्या, डिझेल, दगडी कोळसा, वीटभट्ट्या, शेतात पेटवलेला काडीकचरा यांतून निघालेले बारीक कण आणि वाळवंटातून उडालेली धूळ यांचा तो पट्टा असतो. हवेत तरंगणाऱ्या अशा कणांना एरोसॉल म्हणतात. ते फुप्फुसांना घातक आहेत याबद्दल आता दुमत नाही. पण हेच कण आपल्या मोसमी पावसालाही कमजोर करतात का, या प्रश्नावर गेली पंचवीस वर्षे शास्त्रज्ञांत चर्चा चालू आहे. ही चर्चा कशी सुरू झाली, तिच्यात कोणती मते पुढे आली, कशावर एकमत झाले आणि काय सुटायचे राहिले, याचा हा आढावा.

सुरुवात : हिंदी महासागरावरचा धूर

१९९९ च्या जानेवारी ते मार्च या काळात हिंदी महासागरावर ‘इंडोएक्स’ नावाची मोठी मोहीम झाली. व्ही. रामनाथन, पॉल क्रुट्झेन आणि ए. पी. मित्रा हे तिच्या प्रमुख शास्त्रज्ञांपैकी होते. मालदीवमधील काशिधू बेटावर निरीक्षणकेंद्र उभारले गेले. ‘सागर कन्या’सारखी संशोधन जहाजे आणि उपकरणांनी भरलेली विमाने त्या भागात फिरत राहिली. जमिनीपासून शेकडो किलोमीटर दूर, खुल्या समुद्रावरही सुमारे तीन किलोमीटर उंचीपर्यंत धुरकट हवेचा थर आढळला. हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यांनी तो उपखंडावरून तिथवर नेला होता.

या मोहिमेतून निघालेला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष कणांच्या रंगाशी निगडित होता. सल्फेटसारखे फिकट कण सूर्यप्रकाश परतवतात. काजळी तो शोषून घेते. वातावरणाच्या माथ्यावरून पाहिले तर या थरामुळे पृथ्वीकडून परत जाणारी ऊर्जा थोडीच वाढत होती. पण समुद्रपृष्ठावर पोचणारे ऊन त्याच्या साधारण तिप्पट प्रमाणात घटत होते. मधली तफावत हवेतच मुरत होती. म्हणजे खाली सावली आणि मधल्या थरात उष्णता, असे दोन बदल एकाच वेळी घडत होते. पुढची सगळी चर्चा या दोन बदलांभोवती फिरते.

२००२ च्या ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने या निष्कर्षांवर आधारलेला अहवाल ‘आशियाई तपकिरी ढग’ या नावाने प्रसिद्ध केला आणि भारतात तीव्र प्रतिक्रिया उमटली. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील जे. श्रीनिवासन आणि सुलोचना गाडगीळ यांनी ‘करंट सायन्स’मध्ये त्याची चिकित्सा केली. त्यांचा मुख्य आक्षेप असा, की हा धूर हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला असतो, तर पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. हिवाळ्यातल्या मोजमापांवरून पावसाळ्याबद्दल निष्कर्ष काढायचा तर मधला दुवा दाखवायला हवा, आणि तो दाखवण्याइतकी त्या वेळची संगणकीय प्रारूपे भरवशाची नव्हती. असा धूर एकट्या आशियाचा नाही, हेही त्यांनी बजावले. पुढे प्रकल्पाच्या नावातून ‘आशियाई’ शब्द गेला. मधल्या दुव्याचा प्रश्न मात्र रास्त होता, आणि पुढील संशोधनाचा मोठा भाग त्याचेच उत्तर शोधण्यात गेला.

धूर कशाचा : सिंहगडावरचे नमुने

सल्फेट आणि काजळी यांचे परिणाम उलट दिशेने जाणारे असल्याने धुरात काय आहे हे कळणे आवश्यक होते. इथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. २००६ च्या हिवाळ्यात पुण्याजवळच्या सिंहगडावर आणि मालदीवमधील हनिमाधू बेटावर हवेतले कण गाळण्यांवर जमवले गेले आणि त्यांतील कार्बन-१४ मोजला गेला. ओर्यान गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांनी हे काम २००९ मध्ये प्रसिद्ध केले. या चाचणीमागचे तत्त्व सरळ आहे. नुकत्याच तोडलेल्या लाकडात कार्बन-१४ असतो. कोट्यवधी वर्षे गाडल्या गेलेल्या कोळशात आणि खनिज तेलात तो संपून गेलेला असतो. म्हणून काजळीतले त्याचे प्रमाण पाहिले की तिचा किती भाग चुलीतून आणि शेतातून आला आणि किती इंजिनातून व भट्टीतून, हे सांगता येते. उत्तर आले की मोजण्याच्या पद्धतीनुसार काजळीचा साधारण निम्मा ते दोनतृतीयांश भाग लाकूड, गोवऱ्या आणि पिकांचे अवशेष जाळण्यातून येतो. उरलेला खनिज इंधनाचा. सल्फेटचे मूळ मात्र मुख्यतः कोळसा आणि तेल हेच आहे.

पहिला मार्ग : जमिनीवरचे ऊन कमी होणे

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील (आयआयटीएम) बी. पद्मा कुमारी आणि सहकाऱ्यांनी हवामान विभागाच्या १२ केंद्रांवरील सौर प्रारणाच्या नोंदी तपासल्या. १९८१ ते २००४ या काळात जमिनीवर पोचणारे ऊन दर वर्षी सरासरी ०.८६ वॅट प्रति चौरस मीटर या वेगाने घटत गेल्याचे त्यांना आढळले. ढगांतील बदलांचाही या घटीत वाटा असू शकतो, पण दिशा स्पष्ट होती.

उन्हाचा पावसाशी संबंध बाष्पीभवनातून येतो. रोज एक मिलिमीटर पाण्याची वाफ करायला सुमारे २९ वॅट प्रति चौरस मीटर ऊर्जा लागते. समजा धुरामुळे ऊन १० वॅटने घटले आणि त्यातली निम्मी तूट बाष्पीभवनात दिसली. ५ वॅट म्हणजे दिवसाला सुमारे ०.१७ मिलिमीटर, आणि जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांत साधारण २१ मिलिमीटर. देशाची मोसमी सरासरी सुमारे ८७० मिलिमीटर आहे, तेव्हा ही घट अडीच टक्क्यांच्या आत येते. हा हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून एक गोष्ट कळते: केवळ स्थानिक बाष्पीभवन कमी झाल्याने पाऊस फार घटणार नाही, कारण मोसमी पावसाचे बहुतेक बाष्प समुद्रावरून येते. खरा परिणाम व्हायचा असेल तर तो हे बाष्प वाहून आणणाऱ्या वाऱ्यांवर व्हायला हवा.

रामनाथन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नेमका हाच युक्तिवाद मांडला. धूर हिंदी महासागराच्या उत्तर भागावर आणि जमिनीवर असतो. दक्षिण भाग तुलनेने स्वच्छ राहतो. त्यामुळे उत्तरेकडचे पाणी हवे तितके तापत नाही, दक्षिणेकडचे तापत राहते, आणि उत्तर-दक्षिण तापमानाचा जो फरक मोसमी वाऱ्यांना ओढून आणतो तोच कमी होतो. गाडगीळ-श्रीनिवासन यांनी विचारलेला दुवाही यातून मिळतो. समुद्राचे पाणी हळू तापते आणि हळू निवते, म्हणून हिवाळ्यात पडलेली सावली पावसाळ्यापर्यंत पाण्याच्या तापमानात टिकून राहू शकते.

दुसरा मार्ग : तापलेली हवा

काजळी हवा किती तापवते हे २००६ मध्ये मालदीववर थेट मोजले गेले. तीन छोटी चालकविरहित विमाने एकाच वेळी धुराच्या थराखाली, थरात आणि थरावर उडवण्यात आली. वरून येणारे आणि खाली पोचणारे ऊन यांच्या फरकातून थराने शोषलेली ऊर्जा कळली. सूर्यामुळे खालच्या वातावरणाचे होणारे तापणे धुरामुळे सुमारे ५० टक्क्यांनी वाढत होते.

या उष्णतेने पाऊस वाढेल की घटेल, यावर दोन मते आहेत. विल्यम लाऊ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये मांडलेल्या कल्पनेनुसार एप्रिल-मे महिन्यांत धूळ आणि काजळी हिमालयाच्या दक्षिण उतारावर साचतात आणि उंचावरची हवा तापवतात. ती हवा वर चढते आणि समुद्रावरची दमट हवा खेचून घेते. परिणामी उत्तर भारतात पाऊस लवकर येतो आणि जून-जुलैत वाढतो. या कल्पनेला ‘उंचावरचा उष्णता-पंप’ असे नाव मिळाले.

सुमंत निगम आणि मास्सिमो बोल्लासिना यांनी २०१० मध्ये तिला आव्हान दिले. त्यांनी निरीक्षणे नव्याने तपासली, तेव्हा ज्या वर्षी मे महिन्यात कण जास्त होते त्या वर्षी त्या महिन्यात ढग आणि पाऊस कमी आढळला. त्यांच्या मते काजळी ढगांची निर्मिती रोखते आणि जमीन तापते ती ढग विरळ झाल्यामुळे. उंचावरच्या पंपाची गरजच पडत नाही. लाऊ यांनी त्यावर उत्तर दिले, आणि मतभेद कायम राहिला.

जेराल्ड मील आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधील प्रारूपात दोन्ही मतांना जागा दिसते: मोसमापूर्वीचा पाऊस काजळीमुळे वाढतो, पण मुख्य मोसमात घटतो. धुळीबाबतही चित्र एकरंगी नाही. व्ही. विनोज आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले, की पश्चिम आशिया आणि अरबी समुद्रावरची धूळ तिथली हवा तापवते, त्यामुळे वारे जोर धरतात आणि आठवडाभरात मध्य भारतात पाऊस वाढतो. तेव्हा कण कोणते, कुठे आणि कोणत्या महिन्यात, यावर उत्तर अवलंबून आहे.

तिसरा मार्ग : ढगातले थेंब

बाष्पाला थेंब व्हायला एखाद्या कणाचा आधार लागतो. कण वाढले की थेंबही वाढतात, पण ढगातले पाणी तेवढेच राहते. एका घनमीटर ढगात १ ग्रॅम पाणी आहे असे धरू. स्वच्छ सागरी हवेत दर घनसेंटिमीटरला १०० थेंब असले तर प्रत्येकाची त्रिज्या सुमारे १३ मायक्रॉन भरते. धुरकट हवेत तेच पाणी ८०० थेंबांत वाटले गेले तर त्रिज्या निम्मी, म्हणजे ७ मायक्रॉनच्या आत येते. सर्व थेंबांचे मिळून पृष्ठफळ मात्र दुप्पट होते, त्यामुळे ढग अधिक पांढरा होतो आणि जास्त ऊन परतवतो. शॉन टूमी यांनी १९७० च्या दशकात हा परिणाम दाखवून दिला.

पावसाच्या दृष्टीने लहान थेंब ही अडचण ठरते. त्रिज्या निम्मी झाली की थेंबाचा पडण्याचा वेग चौथ्या हिश्शावर येतो आणि एकमेकांवर आदळून थेंब मोठे होणे जवळपास थांबते. एक मिलिमीटर त्रिज्येचा पावसाचा थेंब तयार व्हायला १० मायक्रॉनचे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. ढगातल्या थेंबांची परिणामी त्रिज्या साधारण १४ मायक्रॉनला पोचली की ही प्रक्रिया वेग घेते. धुरकट ढगाला ती गाठण्यासाठी बरेच उंच वाढावे लागते.

आयआयटीएमने २००९ पासून चालवलेल्या ‘कायपिक्स’ या विमान मोहिमेने भारतीय ढगांत हे प्रत्यक्ष मोजले. थेंबांची संख्या जितकी जास्त, तितकी ढगाच्या तळापासून पाऊस सुरू होण्याची उंची जास्त, असा जवळपास सरळ संबंध आढळला. महाबळेश्वरला याच संस्थेची उंचावरील मेघ-भौतिकी प्रयोगशाळा आहे. पावसाळ्यात तिथे ढग जमिनीवरच उतरतात, त्यामुळे विमानाशिवायही थेंब मोजता येतात.

पर्जन्यछायेतल्या सोलापूर परिसरात २०१८ आणि २०१९ मध्ये झालेले मेघबीजनाचे प्रयोग याच तत्त्वावर उभे होते, फक्त उलट दिशेने. कॅल्शियम क्लोराईडचे मोठे, पाणी ओढणारे कण ढगाच्या तळाशी सोडले की काही थेंब लवकर मोठे होतात आणि आदळण्याची साखळी सुरू होते. बीजन केलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेने सुमारे १०० चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस नोंदवला गेला. हा लाभ योग्य ढग मिळाले तरच मिळतो आणि तो लहान क्षेत्रापुरता असतो. मोसमी वारे मंदावले तर त्याची भरपाई बीजनाने होत नाही.

उंच वाढणाऱ्या गडगडाटी ढगांबाबत वेगळेच चित्र मांडले जाते. डॅनियल रोझेनफेल्ड आणि सहकाऱ्यांच्या २००८ मधील मांडणीनुसार खालच्या थरात न पडलेले पाणी वर जाऊन गोठते, गोठताना उष्णता सोडते, ढग आणखी फोफावतो आणि शेवटी पाऊस अधिक जोराने कोसळतो. काही ढग-भौतिकीतज्ज्ञांना या जोराचे पुरावे अपुरे वाटतात. प्रत्यक्ष हवामानातले चढउतार त्याहून मोठे असतात, असे ते म्हणतात. तेव्हा थेंब लहान होतात, हे पक्के. त्यातून संपूर्ण मोसमाचा पाऊस किती बदलतो, हे नाही.

पाऊस खरोखर घटला का?

भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९५१ ते २०१५ या काळात भारतातला मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. ही घट गंगेच्या मैदानात आणि पश्चिम घाटात विशेष जाणवली. तापमानवाढीने हवेत बाष्प वाढते, म्हणजे पाऊस वाढायला हवा होता. म्हणून ही घट स्पष्ट करण्याची गरज भासली.

बोल्लासिना, यी मिंग आणि व्ही. रामस्वामी यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये यावर महत्त्वाचा प्रयोग मांडला. त्यांनी एकच हवामान प्रारूप वेगवेगळ्या परिस्थितीत चालवले: सर्व घटकांसह, केवळ हरितगृह वायूंसह, केवळ मानवनिर्मित कणांसह आणि केवळ नैसर्गिक घटकांसह. फक्त हरितगृह वायू घेतले तर पाऊस वाढला. फक्त कण घेतले तर मध्य आणि उत्तर भारतात प्रत्यक्ष नोंदींशी जुळणारी घट आली. उत्तर गोलार्धावर कण जास्त असल्याने तो तुलनेने थंड राहतो आणि दोन गोलार्धांमधली उष्णतेची देवाणघेवाण करणारे अभिसरण मंदावते, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. आयआयटीएममधील आर. कृष्णन यांच्या गटाने २०१६ मध्ये वेगळ्या प्रारूपाने कणांचा आणि जमिनीच्या वापरातील बदलांचा असाच हात दाखवला.

याच संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल यांनी २०१५ मध्ये वेगळ्या कारणाकडे बोट दाखवले. हिंदी महासागराचा पश्चिम भाग झपाट्याने तापतो आहे, त्यामुळे जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक कमी होतो आणि वारे मंदावतात. पॅसिफिक महासागराचे काही दशकांच्या आवर्तनाचे चढउतारही काही जण महत्त्वाचे मानतात. ही कारणे एकमेकांना छेद देणारी नाहीत. एकच घट तिन्हींनी मिळून आणलेली असू शकते, आणि नेमका वाटा ठरवणे हेच खरे कठीण काम आहे. आयपीसीसीच्या २०२१ च्या सहाव्या अहवालाने मात्र आपले माप स्पष्ट टाकले: विसाव्या शतकाच्या मध्यापासून दक्षिण आणि आग्नेय आशियातील मोसमी पावसात झालेल्या घटीचे मुख्य कारण मानवनिर्मित एरोसॉल, आणि हा निष्कर्ष उच्च विश्वासाचा.

पुरावा कुठे घसरतो

या क्षेत्रात फसगत होण्याची एक नेहमीची जागा आहे. कण जास्त असलेल्या दिवशी पाऊस कमी दिसला, म्हणून कणांनी पाऊस रोखला असे म्हणता येत नाही. पाऊस पडला नाही म्हणून हवा धुतली गेली नाही, हेही तितकेच शक्य आहे. उपग्रहाच्या मापनात आणखी एक गुंता असतो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात, आणि मग ढगांजवळ कण अधिक असल्यासारखे दिसतात. म्हणूनच ढगाच्या तळाखाली विमानाने मोजलेले कण आणि त्याच ढगात मोजलेले थेंब यांची जोडी अधिक विश्वासार्ह ठरते.

२०२० च्या टाळेबंदीने एक नैसर्गिक प्रयोग हाती दिला. एप्रिलच्या सुरुवातीला उत्तर भारतावरील कणांचे प्रमाण उपग्रहाच्या नोंदींत वीस वर्षांतल्या नीचांकावर आले, आणि त्या वर्षी देशात सरासरीच्या १०९ टक्के पाऊस पडला. दोन्हींचा मेळ आकर्षक आहे. पण एका वर्षाच्या पावसावर समुद्राच्या तापमानाचा आणि इतर चढउतारांचा इतका प्रभाव असतो, की त्यावरून निवाडा देता येत नाही.

अजून न सुटलेले

तीन प्रश्न ठळकपणे उरतात. पहिला प्रारूपांचा: अनेक प्रारूपे गंगेच्या मैदानात मुळातच प्रत्यक्षापेक्षा कमी पाऊस दाखवतात, आणि ज्या प्रारूपाची सुरुवातच चुकते त्याने दाखवलेल्या बदलाला किती वजन द्यायचे? दुसरा अलीकडच्या नोंदींचा: चिन्जियान जिन आणि चिएन वांग यांनी २०१७ मध्ये दाखवले, की २००२ नंतर भारतातला पाऊस पुन्हा वाढू लागला आहे. त्याच काळात भारतातले गंधक-वायूचे उत्सर्जन वाढतच होते. कण हेच एकमेव कारण असते तर असे दिसले नसते. तिसरा प्रश्न पावसाच्या वाटणीचा: १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या व्यापक घटना तिप्पट झाल्या, असे रॉक्सी आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नोंदवले. एकूण पाऊस घटत असताना ढगफुटीसारखे दिवस का वाढले, यात बाष्पाचा किती आणि कणांचा किती वाटा, हे ठरलेले नाही. शेतकऱ्याला मोसमाच्या बेरजेपेक्षा ही वाटणीच जास्त भिडते.

आजचा निष्कर्ष

वाद कुठे पोचला ते सांगायचे तर असे: तपकिरी धूर जमिनीवरचे ऊन कमी करतो, हवा तापवतो आणि ढगातले थेंब लहान करतो, हे मोजून सिद्ध झाले आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली पावसाची घट मुख्यतः कणांमुळे झाली, हे आता बहुसंख्य तज्ज्ञ मानतात. ती कोणत्या मार्गाने किती झाली, आणि पुढे हरितगृह वायूंची वाढ व कणांची घट एकत्र आल्यावर मोसम कसा वागेल, यावर एकमत नाही. एक फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके वातावरणात राहतो, तर हे कण आठवडाभरात खाली बसतात. म्हणजे चुलीचा, भट्टीचा आणि इंजिनाचा धूर कमी केला तर त्याचा परिणाम हवेत त्याच मोसमात दिसेल, आणि आजवर अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नांपैकी काहींचे उत्तरही त्याच नोंदींतून मिळेल.